शब्दशिडीत फेर चालतो म्हटले की ठरवलेल्यापेक्षा आखूड उत्तर येते : कारण आणि उपाय

पुण्यातल्या सोसायट्यांच्या गणेशोत्सवात ही तक्रार दरवर्षी ऐकू येते. जिन्याजवळच्या फलकावर रोज एक शब्दशिडी लावायची, खाली लिहायचे ‘कमीत कमी पायऱ्यांत’. कोडे घालणाऱ्याच्या खिशात ५ पायऱ्यांचे उत्तर असते आणि संध्याकाळच्या आरतीआधीच कोणीतरी ३ पायऱ्यांचे आणून देतो. मग बक्षीस कोणाला यावरून वाद. साध्या शब्दशिडीत असे क्वचित घडते. अक्षरांची जागा बदलायला परवानगी दिली की वारंवार घडते, आणि त्याचे कारण जवळजवळ नेहमी एकच असते.

आधी नियम स्पष्ट करू. साध्या शिडीत एका पायरीला एका जागेवरचे एकच अक्षर बदलते, बाकीची अक्षरे जागच्या जागी राहतात आणि तयार होणारा प्रत्येक शब्द खरा असावा लागतो. लुईस कॅरोल याने १८७७च्या नाताळात काढलेला आणि १८७९पासून साप्ताहिकातून छापलेला खेळ तो हाच. फेराच्या शिडीत दुसऱ्या प्रकारची पायरीही चालते : अक्षरे तीच ठेवायची, फक्त क्रम फिरवायचा. पहिलीला ‘बदल’ म्हणू, दुसरीला ‘फेर’. एक पायरी म्हणजे एक बदल किंवा एक फेर. दोन्ही एकत्र नाही. या शेवटच्या वाक्याकडे पुढे परत यावे लागेल.

फलकावर लावले गेलेले कोडे असे होते असे समजा : ‘गरज’पासून ‘मकर’पर्यंत जा. घालणाऱ्याचे उत्तर :

गरज → गजर → नजर → नगर → मगर → मकर

पहिली पायरी फेर, पुढच्या चार बदल. सगळे शब्द खरे आहेत, एकही पायरी चुकीची नाही. आणि आलेले उत्तर :

गरज → गरम → मगर → मकर

बदल, फेर, बदल. ३ पायऱ्या.

पहिल्या उत्तरात चूक नाही, पण ते ज्या पद्धतीने शोधले गेले तीत खोट आहे. बहुतेक जण आधी साधी साखळी जुळवतात, कारण तिची सवय असते. गजर, नजर, नगर, मगर, मकर ही माळ सहज सुचते. मग ‘यंदा फेरही चालतो’ म्हणून सुरुवातीला किंवा शेवटी एक फेर चिकटवतात. म्हणजे फेर हा फक्त माळेत शिरायचा दरवाजा होतो. फेर मधल्या कुठल्याही शब्दावर करता येतो हे तपासायचे राहून जाते. इथे ‘गरम’ला त्याच अक्षरांचा ‘मगर’ हा भाऊ होता, आणि त्या जागी कोणी पाहिलेच नाही.

फेराने नक्की काय होते ते दहा शब्दांवर दिसते. गजर, गरज, गरम, नरम, नजर, नगर, मगर, मकर, मखर, रकम एवढेच शब्द जगात आहेत असे धरा. फक्त बदल चालत असेल तर ते तीन तुकड्यांत पडतात :

गजर – नजर – नगर – मगर – मकर – मखर (मगर आणि मखरही एकमेकांना जोडलेले)
गरज – गरम – नरम
रकम (एकटा)

दहा शब्दांच्या ४५ जोड्या होतात. त्यातल्या फक्त १८ जोड्यांत एकापासून दुसऱ्यापर्यंत जाता येते : पहिल्या तुकड्यात १५, दुसऱ्यात ३. ‘रकम’पासून तर कुठेच जाता येत नाही. अशा एकलकोंड्या शब्दांचे प्रमाण इतर भाषांतही थोडे नसते. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ यांनी पाच अक्षरी ५७५७ इंग्रजी शब्दांची यादी तपासली तेव्हा ६७१ शब्दांना एका बदलाने गाठता येईल असा एकही शेजारी सापडला नव्हता.

आता फेर आणा. या दहा शब्दांत तो तीनच ठिकाणी लागतो : गजर–गरज, गरम–मगर, मकर–रकम. पण या तीन जोडांनी तिन्ही तुकडे एक होतात आणि सगळ्या ४५ जोड्या जुळतात. गंमत अशी की पूर्वी जोडलेली एकही वाट त्यामुळे आखूड झालेली नाही. ‘गजर’पासून ‘मगर’पर्यंत आधीही ३ पायऱ्या होत्या (नजर, नगर, मगर), आताही ३च आहेत, फक्त दुसरी तेवढीच लांब वाट मिळाली : गरज, गरम, मगर. म्हणजे फेर दोन कामे करतो. तुटलेले तुकडे सांधतो आणि असलेल्या वाटेला समांतर वाट देतो. कोडे घालणाऱ्याला त्रास होतो तो या दुसऱ्या कामाचा.

छापण्याआधी करायची पहिली तपासणी : दोन मोजण्या

दोन्ही टोकांचे शब्द एकाखाली एक लिहा. किती जागांवर अक्षर वेगळे आहे ते मोजा; ही जागांची मोजणी. मग जागा विसरून जा आणि पहिल्या शब्दातली किती अक्षरे दुसऱ्यात नाहीतच ते मोजा. ही अक्षरांची मोजणी. अक्षर दोनदा आले असेल तर दोनदाच धरायचे.

गरज आणि मकर : तिन्ही जागा वेगळ्या, म्हणून जागांची मोजणी ३. ‘र’ दोघांत आहे. ‘ग’ आणि ‘ज’ जायला हवेत, म्हणून अक्षरांची मोजणी २.

एकही फेर न घेता जायचे तर निदान जागांच्या मोजणीएवढे बदल लागणारच. फेर घेऊन जायचे तर निदान अक्षरांच्या मोजणीएवढे बदल आणि वर एक फेर. या दोन आकड्यांतला लहान तो तळ. त्याच्या खाली कोणीही जाऊ शकत नाही. इथे ३ आणि २+१, म्हणजे तळ ३. ३ पायऱ्यांचे उत्तर आले त्याक्षणी ते सर्वांत लहान आहे हे सिद्ध झाले, आणखी शोधायची गरज नाही. उलट आपले उत्तर ५ आणि तळ ३ असेल तर मधल्या दोन पायऱ्यांत धोका लपलेला असू शकतो. अशा वेळी दुसरी तपासणी टाळू नये.

दुसरी तपासणी : थर

यासाठी शब्दांऐवजी भावंडे लिहायची सवय लावावी लागते. एका कार्डावर एकाच अक्षरांचे सगळे शब्द : एकावर ‘गजर, गरज’, दुसऱ्यावर ‘गरम, मगर’, तिसऱ्यावर ‘मकर, रकम’. सुरुवातीचा शब्द हा शून्य थर. पहिल्या थरात त्याची भावंडे आणि एका बदलाने येणारे सगळे शब्द. दुसऱ्या थरात पहिल्या थरातल्या प्रत्येक शब्दाची भावंडे आणि बदल, आधी आलेले सोडून. ‘गरज’चे थर असे पडतात :

१ : गजर, गरम
२ : नजर, नरम, मगर
३ : नगर, मकर, मखर

‘मकर’ तिसऱ्या थरात आला. एवढे लिहायला पाच मिनिटे लागतात आणि गळणारी वाट लगेच डोळ्यांपुढे येते. खरी शब्दयादी मोठी असते म्हणून दोन्ही टोकांकडून थर काढत मध्ये गाठ पडेपर्यंत जाणे सोपे पडते. शोधताना दोन वाटा सरळ खोडाव्यात : लागोपाठ दोन फेर, कारण ते एकाच फेरात होतात, आणि लागोपाठ एकाच जागेवरचे दोन बदल, कारण मधला शब्द गाळता येतो. मगर → मखर → मकर ही त्यातलीच उधळपट्टी.

आखूड वाट सापडली तर कोडे फेकायची गरज नसते. सर्वांत सोपी दुरुस्ती म्हणजे ‘कमीत कमी’ हे शब्द काढून आकडा लिहिणे : ‘गरज ते मकर, ३ पायऱ्यांत’. या दहा शब्दांत तसे उत्तर एकच आहे. लांब शिडीच हवी असेल तर टोके बदला. ‘गजर ते रकम’ला खरोखर ५ पायऱ्या लागतात, पण तिथे उत्तरे दोन येतात, एक नजर–नगरवरून आणि एक गरज–गरमवरून. ‘नरम ते रकम’ला ४ लागतात आणि वाट एकच : नरम, गरम, मगर, मकर, रकम. फलकासाठी हे जास्त चांगले कोडे आहे, निदान पुढचा घोळ होईपर्यंत तरी.

एक शब्द आला आणि कोडे मोडले

‘कर्म’चे बोलीतले रूप म्हणून कोणी ‘करम’ आणतो. तो मान्य केला तर नरम → करम → रकम, २ पायऱ्या. चारावरून थेट दोनावर. फेर नसता तर ‘करम’ ‘नरम’च्या तुकड्याला लटकला असता आणि ‘रकम’ला हात लागला नसता. फेराच्या शिडीत नवा शब्द एकटा येत नाही, तो आपल्या भावंडांची दारे उघडतो. म्हणून शब्दयादीचा वाद इथे जास्त महागात पडतो.

उपाय कोरडा आहे पण चालतो. कोणता कोश प्रमाण ते फलकावर आधी लिहावे आणि क्रियापदांची आज्ञार्थी रूपे व नामांची सामान्यरूपे वगळावीत. ‘पसर’, ‘पकड’, ‘ठरव’ यांसारखी आज्ञार्थी रूपे घेतली तर मराठीतल्या प्रत्येक तीन अक्षरी धातूला दार मिळते आणि थर मोजणे हाताबाहेर जाते.

‘ही एक पायरी की दोन?’

उत्तरपत्रिकांत सर्वांत जास्त दिसणारी चुकीची पायरी अशी : नरम → नगर. लिहिणाऱ्याचे म्हणणे असते, ‘म’ काढला, ‘ग’ घातला, फिरवले, झाले. अक्षरांची मोजणी खरोखर १ आहे, म्हणून ते पटते. पण ‘म’च्या जागी ‘ग’ घातला तर ‘नरग’ होते आणि तो शब्द नाही. आधी फिरवायचे म्हटले तर ‘नमर’ हाही शब्द नाही. दोन्ही कार्डांत एकच अक्षर वेगळे असूनही त्यांच्यामध्ये दार नाही. खरी वाट नरम → गरम → मगर → नगर, ३ पायऱ्यांची. इथे तळ २ निघतो, म्हणजे तळ गाठता येईलच असे नाही हेही यात दिसते.

दार असण्याची अट नेमकी आहे : एका कार्डावरचा कोणता तरी शब्द आणि दुसऱ्यावरचा कोणता तरी शब्द असे हवेत की सामाईक अक्षरे त्याच जागांवर बसलेली असतील. तपासणाऱ्याने प्रत्येक बाणावर ‘ब’ किंवा ‘फे’ लिहून मागावे. ज्या बाणावर काय लिहावे हे ठरत नाही तो बाण चुकीचा. एकाच पायरीवर दोन्ही अक्षरे लागू पडणे शक्यच नसते, कारण बदलाने अक्षरांचा संच बदलतो आणि फेराने बदलत नाही.

‘अक्षर’ म्हणजे काय, हे न ठरवल्यामुळे होणारे घोटाळे

मराठीत खेळताना काना-मात्रा-वेलांटीसकटचे पूर्ण अक्षर हाच एकक धरावा, जोडाक्षरही एकच. ‘वाडा’चा फेर ‘डावा’, ‘नाका’चा ‘काना’, ‘नदी’चा ‘दीन’. इथवर भांडण नाही. भांडण होते ते ‘शिरा’ आणि ‘राशी’वरून. तसेच ‘दिवा’ आणि ‘वादी’, ‘पिता’ आणि ‘तापी’. कानाला हे चोख फेर वाटतात, पण लिहिताना ‘शि’ ऱ्हस्व आहे आणि ‘शी’ दीर्घ. १९६२च्या शुद्धलेखन नियमांनुसार शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहितात, त्यामुळे ऱ्हस्व अक्षर फिरून शेवटी गेले की ‘आणि’सारखे मोजके अपवाद सोडता ते दीर्घच होणार. आमच्या मते ऱ्हस्व-दीर्घ वेगळेच धरावे. सूट द्यायची असेल तर ती फेरालाच नाही, बदलालाही लागू होते, आणि मग ‘दिन’ व ‘दीन’ हा एकच शब्द ठरतो. अर्धी सूट देऊन कोडे घातले की तळाची मोजणीही खोटी पडते.

दुसरी मर्यादा ‘ण’ आणि ‘ळ’ची. मराठी शब्द या अक्षरांनी सुरू होत नाही. म्हणून ‘बाण’, ‘माळ’, ‘फळ’ अशा दोन अक्षरी शब्दांचा फेर नसतोच. तीन वेगळ्या अक्षरांच्या सहा मांडण्यांपैकी ‘ण’ असेल तर चारच शोधाव्या लागतात. ‘मरण’ आणि ‘रमण’ त्यातलेच. ‘पुणे’ला दोन्ही कुलपे आहेत : ‘णे’ पुढे येत नाही, ‘पु’ शेवटी जात नाही. तिथून निघायचे ते बदलानेच, आणि पहिला शेजारी म्हणीतलाच आहे : पुणे → उणे.

प्रोग्रॅमने तपासताना

संगणकाला शब्दाची अक्षरे नव्हे, चिन्हे दिसतात. ‘पेढा’ त्याच्यासाठी प, मात्रा, ढ, काना. ‘पाढे’ म्हणजे प, काना, ढ, मात्रा. चिन्हे क्रमाने लावून जुळवली तर पेढा आणि पाढे एकमेकांचे फेर ठरतात. वेडा–वाडे, तेरा–तारे यांचेही तेच. तयार इंग्रजी प्रोग्रॅम मराठी यादीवर चालवला आणि उत्तर संशयास्पद आखूड आले तर आधी अशी जोडी शोधावी. दुरुस्ती म्हणजे आधी अक्षरे तोडणे :

```python
import re
A = re.compile(r'(?:[क-ह]\u094D)*[क-ह][\u093E-\u094C]?[\u0901-\u0903]?'
               r'|[अ-औॲ][\u0901-\u0903]?')

def tod(w):
    x = A.findall(w)
    if ''.join(x) != w:
        raise ValueError(w)
    return x

def payari(a, b):
    x, y = tod(a), tod(b)
    if len(x) != len(y) or x == y:
        return None
    if sorted(x) == sorted(y):
        return 'फे'
    if sum(p != q for p, q in zip(x, y)) == 1:
        return 'ब'
    return None
```

`payari('वाडा','डावा')`ला ‘फे’ यायला हवे, `payari('पेढा','पाढे')`, `payari('शिरा','राशी')` आणि `payari('नरम','नगर')` या तिन्हींना `None`. हे चार नीट आले की थर काढायचा भाग नेहमीसारखाच लिहिता येतो. यादी काही हजार शब्दांची असेल तर प्रत्येक जोडी तपासत बसू नका. `tuple(sorted(tod(w)))` ही किल्ली धरून भावंडे एकत्र करा, आणि बदलासाठी एकेक जागा रिकामी ठेवून (‘_रम’, ‘न_म’, ‘नर_’) शब्द खणांत टाका. एकाच खणातले शब्द एकमेकांचे शेजारी.

`tod`मधली जोडून पाहण्याची ओळ काढू नये. ‘दऱ्या’सारखा शब्द दोन प्रकारे टंकला जातो : कधी ‘ऱ’ हे स्वतंत्र चिन्ह वापरून, कधी साधा ‘र’, हलन्त आणि मध्ये न दिसणारे जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. दुसऱ्या प्रकारात वरचा नमुना हलन्त आणि जोडचिन्ह गाळून ‘र’ आणि ‘या’ अशी दोन अक्षरे बिनबोभाट देतो, आणि दऱ्याची शिडी भलत्याच शब्दांना जाऊन लागते. ती ओळ असेल तर प्रोग्रॅम त्या शब्दावर थांबतो. मग यादीत तो शब्द ‘ऱ’ वापरून पुन्हा टंकायचा आणि पुढे जायचे.